अश्वगंधा वाळली की नुसती वरून सुकली? साडेपाच किलोच्या मोहात सगळा ढीग बुरशीला

छत्रपती संभाजीनगर : अश्वगंधेची मुळं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये काढणीला येतात. नेमकं याच काळात मराठवाड्यात अवकाळीचं सावट असतं. त्यामुळे अर्धवट वाळलेला माल घाईनं पोत्यात भरला जातो आणि खरं नुकसान तिथूनच सुरू होतं.

हिशोब सोपा आहे. समजा 100 किलो ताज्या मुळांत 60 किलो पाणी आणि 40 किलो कोरडा भाग आहे. माल वाळून 50 किलोवर आला की हाताला कोरडा लागतो, पण त्यात अजून 20 टक्के ओल असते. ती 10 टक्क्यांवर आणायची तर वजन साधारण साडेचव्वेचाळीस किलोवर यावं लागतं. मधले साडेपाच किलो म्हणजे निव्वळ पाणी. ते वजनात विकायला गेलं, तर बुरशी सगळाच माल खाते.

मुळं धुऊन, माती काढून बोटभर लांबीचे तुकडे करावेत. जाड आणि बारीक मुळं वेगळी पसरावीत, कारण बारीक आधी वाळतात. जमिनीवर न टाकता ताडपत्रीवर किंवा जाळीवर पातळ थर द्यावा, दिवसातून दोन-तीनदा उलथावं आणि दव पडायच्या आत झाकावं. तुळशीसारखी सुगंधी पानं मात्र सावलीतच वाळवायची. उन्हात त्यांचं तेल उडतं.

वाळलं की नाही, हे कसं ओळखायचं? जाडातलं जाड मूळ मोडून पाहा. कट्‌कन तुटलं आणि आत पांढरट, पिठूळ दिसलं तर ठीक. वाकलं तर ओल आहे. शिवाय एक किलोची पिशवी वेगळी ठेवून रोज वजन करा. कोरड्या हवेत सलग दोन दिवस वजन घटलं नाही, तर वाळवण पूर्ण झाली. धान्याच्या ओलावा-यंत्रावर विसंबू नये, ते मुळांसाठी बेतलेलं नसतं.

पुढची परीक्षा पावसाळ्यात. तागाचं पोतं हवेतली ओल ओढतं, म्हणून पूर्ण वाळलेल्या मालालाच आतून जाड प्लास्टिकची पिशवी लावावी. ओला माल त्यात भरला तर आतल्या आत घाम सुटतो. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत. जुलैपासून दर पंधरवड्याला एखादं पोतं उघडून वास घ्यावा.

कुबट वास किंवा हिरवे-काळे डाग दिसले तर ते पोतं वेगळं काढा. धुऊन पुन्हा वाळवल्यानं बुरशी दिसेनाशी होते, पण तिनं सोडलेलं अफ्लाटॉक्सिन हे विष जात नाही. म्हणून असा माल चांगल्यात मिसळला, तर कंपनीच्या तपासणीत एका पोत्यापायी अख्खी गाडी परत येऊ शकते.