रिकाम्या जागेतील व्याकरण

स्वीडिश शिकू लागलेल्या विद्यार्थ्याच्या हाती लवकरच ‘रिकाम्या जागा भरा’ या धर्तीची स्वाध्यायपत्रिका पडते. ‘देत … हूसेत’ असे छापलेले असते, आणि कंसात ‘स्तूर’, म्हणजे ‘मोठा’, हे विशेषण. विद्यार्थी ‘स्तूरा’ लिहितो. उत्तर बरोबर असते. परंतु त्यावरून त्याला काय कळले आहे याचा बोध होत नाही, असे माझे मत आहे.

स्वीडिशमध्ये निश्चितता नामाच्या अंती प्रत्ययाने दर्शविली जाते. ‘एत हूस’ म्हणजे एक घर. ‘हूसेत’ म्हणजे ते विवक्षित घर. नामापूर्वी विशेषण आले की त्याच्याही आधी एक उपपद येते आणि विशेषण आकारान्त होते: ‘देत स्तूरा हूसेत’. एकच निश्चितता तीन ठिकाणी उमटते. (शेजारच्या डॅनिशमध्ये अशा वेळी नामाचा प्रत्यय गळतो.) तिन्हींपैकी दोन खुणा पत्रिकेनेच छापून दिल्यावर तिसरी भरण्यास व्याकरण कशाला हवे? पृष्ठभर तेच उत्तर पुरते.

खरी कसोटी विधेयात आहे. मराठीत ‘मोठे घर’ आणि ‘घर मोठे आहे’ यांत विशेषणाचे रूप बदलत नाही. स्वीडिशमध्ये मात्र ‘हूसेत एर स्तूर्त’ असे म्हणावे लागते, कारण विधेयविशेषण लिंगवचन पाहते, निश्चितता पाहत नाही. ‘निश्चित नाम म्हणजे आकारान्त विशेषण’ एवढेच ज्याने पत्रिकेवरून उचलले, तो येथे हमखास ‘स्तूरा’ लिहितो.

आता ‘हूसेन एर …’ हे वाक्य घ्यावे. ‘हूस’ या नपुंसकलिंगी नामाचे अनेकवचन ‘हूस’च राहते आणि त्याचे निश्चित रूप ‘हूसेन’ होते. पण ‘बील’ (मोटार) या सामान्यलिंगी नामाचे निश्चित एकवचनही ‘बीलेन’च. ‘एन’ पाहून फसलेला विद्यार्थी ‘स्तूर’ लिहितो. लिंग आठवले पण वचन निसटले तो ‘स्तूर्त’ लिहितो. ‘स्तूरा’ हे बरोबर उत्तर, पण तेही आंधळ्या नियमाने येऊ शकते. म्हणून ‘हूसेत एर …’ हे वाक्य शेजारी ठेवावेच. दोहोंत ‘स्तूरा’ लिहिणारा सापडतो.

तिसरे वाक्य ‘आन्नास … हूस’, म्हणजे ‘आन्नाचे मोठे घर’. षष्ठीमुळे नामाला प्रत्यय नाही, तरी अर्थ निश्चित, म्हणून ‘स्तूरा’. केवळ शेपटी पाहणारा येथे ‘स्तूर्त’ लिहितो.

पहिल्या आठवड्यात इतके सारे लादावे असे मी म्हणत नाही. तेव्हा एकसुरी पत्रिकाच बरी. परंतु दुसऱ्या पत्रिकेत तरी ही तीन वाक्ये सरमिसळ करून द्यावीत, आणि उपपद, विशेषण, नामाचा प्रत्यय या तिन्ही जागा कोऱ्या ठेवाव्यात.