निनावी अर्ज आणि त्याची चौकशी

लाखनीतून जाणाऱ्या हमरस्त्याच्या दोन्ही अंगांना आज आपल्या समाजाचे तरुण कचेऱ्यांत, कारखान्यांत व ठेकेदारांकडे नोकरीस आहेत. त्यांच्यापैकी कुणाच्या दृष्टीस गैरव्यवहार पडला की घरी हमखास एकच सल्ला मिळतो : ‘अर्ज कर, पण खाली नाव घालू नकोस.’ हा सल्ला भित्रेपणाचा नव्हे. ज्याची नोकरी मुकादमाच्या मर्जीवर टिकलेली आहे, त्याला नाव लपविण्याचा अधिकार आहे असेच माझे मत आहे. परंतु निनावी अर्ज चौकशी अधिकाऱ्याच्या मेजावर पोहोचल्यावर त्याचे काय होते, हे आधी जाणून घ्या.

समजा, एका खासगी कारखान्यात ठेक्यावरील मजुरांच्या खोट्या हजेऱ्या लागतात. ‘ठेकेदार चोर आहे, साहेब त्याला सामील आहेत’ एवढेच तुम्ही लिहिले, तर अधिकारी तो कागद बाजूस सारील. त्याला तपासण्यासारखे त्यात काही नाही. तुम्ही असे लिहा : ‘अमुक तारखेच्या हजेरीपटावर ४२ मजूर आहेत, पण त्या दिवशीच्या फाटकावरील नोंदवहीत २७च आत आल्याची नोंद आहे.’ आता तुमच्या नावाची गरजच उरत नाही, कारण साक्ष दोन वह्या देतात. जाणता अधिकारी कुणालाही न विचारता प्रथम त्या वह्या ताब्यात घेतो, नंतर मजुरीचे वाटप पाहतो आणि शेवटी ठेकेदारास बोलावतो. हा क्रम उलटला, म्हणजे ठेकेदारास आधी विचारले, की वही बदलली जाते.

अर्ज कुणी लिहिला हे शोधण्यासाठी जो हस्ताक्षरे ताडून पाहू लागतो, तो चौकशी करीत नसून सूड उगविण्यास मदत करीत असतो. मात्र एक धोका तुमच्याच हाती असतो. फाटकावरील वही केवळ दोघेच हाताळत असतील, तर त्या एका वाक्याने तुमचे नाव न लिहिताही लिहिले जाते. म्हणून अनेकांना ठाऊक असलेली तारीख व वस्तू निवडावी. दुसरी मर्यादा अशी की, अधिकाऱ्यास पुढे शंका आली तर विचारावयाचे कुणाला? मजुरांना मारहाणीची धमकी दिली गेली, अशी कागदावर न उमटणारी गोष्ट निनावी अर्जाने सहसा सिद्ध होत नाही.

खासगी कंपनी निनावी अर्ज घेते की नाही, हे तिच्या धोरणावर अवलंबून असते. तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी केंद्रीय सार्वजनिक उपक्रमाच्या आहेत. अशा उपक्रमांस केंद्रीय दक्षता आयोगाचा नियम लागू आहे आणि तो कठोर आहे. २९ जून १९९९च्या आदेशाने आयोगाने निनावी व टोपणनावी अर्जांवर कारवाई न करण्याचे ठरविले. पुढे २००२ मध्ये पडताळता येण्याजोग्या मजकुरास आयोगाच्या संमतीने वाट ठेवली होती. २०१४ मध्ये तीही बंद झाली. नाव असलेल्या अर्जावरही तो तुमचाच आहे का, असे पत्राने विचारले जाते. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास स्मरणपत्र जाते, आणि त्यालाही उत्तर न मिळाल्यास अर्ज टोपणनावी समजून दप्तरी दाखल होतो. ते पत्र पाहून घाबरून गप्प बसू नका.

या कठोरपणामागे कारण आहे. बढतीच्या वेळी प्रतिस्पर्ध्याविरुद्ध निनावी कागद धाडून त्याची बढती रोखण्याची युक्ती जुनी आहे. राखीव जागेवर आलेल्या आपल्या माणसाच्या जातीच्या दाखल्यावरही असाच संशय घेतला जाऊ शकतो, हे आपण विसरू नये.

तर मग नाव द्यावे आणि मरावे काय? राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात काम करणारे अभियंता सत्येंद्र दुबे यांनी नोव्हेंबर २००२ मध्ये पंतप्रधानांना पत्र लिहून बिहार-झारखंडकडील महामार्गाच्या कामातील गैरप्रकार कळविले, आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. ते पत्र नावासकट खात्याखात्यांतून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांची हत्या झाली. न्यायालयाने २०१० मध्ये लुटारूंना दोषी ठरविले. तथापि पत्र फुटले ही लाज त्याने धुऊन निघत नाही.

त्यानंतर २१ एप्रिल २००४च्या ठरावाने मधला मार्ग निघाला. केंद्रीय कर्मचारी व उपक्रमांविरुद्धची तक्रार बंद लिफाफ्यात दक्षता आयोगाच्या सचिवांकडे टपालाने पाठवावी, आणि लिफाफ्यावर ती लोकहित प्रकटीकरणाची असल्याचे स्पष्ट लिहावे. आपले नाव लिफाफ्यावर मुळीच नको. ते आतल्या मजकुराच्या आरंभी वा शेवटी, किंवा वेगळ्या कागदावर असावे, म्हणजे आयोगास ते झाकून बाकीचा मजकूर पुढे धाडता येतो. मजकुरात आपली ओळख पटेल असे काही येऊ देऊ नये. राज्य सरकारच्या नोकरांस मात्र हा ठराव लागू नाही. आणि २०१४ साली मंजूर झालेला जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संमत होऊनही अमलात आणला गेलेला नाही. तेव्हा घरातील नोकरदाराने लेखणी उचलण्यापूर्वी आपली कचेरी केंद्राची, राज्याची की खासगी, एवढे प्रथम विचारून घ्यावे.