बहानगा बाजार : दोषी एक माणूस की ओळीत आलेली भोके?

अपघात झाला की आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो, चूक कोणाची? ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी हा प्रश्नच बदलला. सुरक्षेचे प्रत्येक कवच म्हणजे भोके असलेल्या स्विस चीजचा एक काप, असे त्यांनी मांडले. एका कापातले भोक सहसा पुढचा काप झाकतो. सगळ्या कापांची भोके एका रेषेत आली की मात्र अपघात आरपार जातो.

2 जून 2023 च्या संध्याकाळी ओडिशातील बहानगा बाजार स्थानकात हेच घडले. कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल होता, पण रुळांचा सांधा लूप लाइनकडे वळलेला होता. ताशी सुमारे 128 किलोमीटर वेगाने गाडी तिथे उभ्या मालगाडीवर आदळली. तिचे डबे शेजारच्या मार्गावरून जाणाऱ्या यशवंतपूर-हावडा एक्स्प्रेसच्या मागच्या डब्यांवर पडले. 290 हून अधिक माणसे गेली.

सांधा आणि सिग्नल यांचा मेळ इंटरलॉकिंग यंत्रणा राखते. मग ती फसली कशी? रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत एकेक भोक दिसते. फाटकाजवळच्या पेटीत तारांवरील नावे चुकीची होती आणि ती वर्षानुवर्षे कोणी दुरुस्त केली नाहीत. फाटक क्रमांक 94 चा अडसर बदलण्याचे काम सुरू असताना त्याच पेटीत जोडणीचा घोळ झाला. त्या स्थानकासाठी मंजूर केलेला सर्किटचा आराखडा कामासाठी दिलेला नव्हता. सांध्याच्या यंत्रणेचे विचित्र वागणे वेळीच कळवले गेले असते, तरी अपघात टळू शकला असता, असेही आयुक्तांनी नोंदवले. त्याआधी मे 2022 मध्ये त्याच खड्गपूर विभागात चुकीच्या जोडणीमुळे अशीच घटना घडली होती. तिच्यापासून धडा घेतला गेला नाही.

रीझन यांच्या भाषेत, अपघाताच्या दिवशीची जोडणी ही 'प्रत्यक्ष चूक'. चुकीची नावे, नसलेला आराखडा, न घेतलेला धडा हे 'दडलेले दोष'. जोडणी करणाऱ्याच्या हाती पेटी आली, तेव्हा दडलेले दोष आधीपासून तिथे होते.

एक मर्यादा इथेच दिसते. कवचे वाढवली म्हणून सुरक्षा वाढतेच असे नाही. चालकाची नजर हे वेगळे कवच वाटते, पण ती सिग्नलवर विसंबते, आणि सिग्नल त्याच बिघडलेल्या जोडणीवर. मुळातली माहितीच खोटी असेल तर तिच्यावर उभी असलेली सगळी कवचे एकदम पडतात.

अपघातानंतर सीबीआयने रेल्वेच्या तीन कर्मचाऱ्यांना अटक केली. वैयक्तिक जबाबदारी ठरलीच पाहिजे, हे आम्हीही मानतो. पण तुरुंगात माणूस गेल्याने पेटीतली नावे बरोबर होत नाहीत. अनारक्षित डब्यातल्या मजुराचे नाव तर कोणत्याही आरक्षण यादीत नसते; कित्येक मृतदेहांची ओळख पटवायला डीएनए चाचणी लागली. त्यांच्या घरच्यांना आरोपींच्या नावांसोबत आणखी एक उत्तर मिळायला हवे : देशातल्या अशा पेट्या कोणी, कधी तपासल्या, आणि त्यात काय सापडले?