हॉलमार्क सोन्याचा, उरलेल्या धातूचं काय?

गिरगाव, दादर, लालबागच्या जुन्या सोनारांची कान टोचायची रीत साधी होती. टोकदार सोन्याची तार पाळीतून ओवायची आणि तिथेच वळवून बाळी करायची. टोचणारी वस्तू आणि जखमेत राहणारा दागिना एकच. झाळ नाही, मुलामा नाही. तारेला फिरकीची चमकी आणि तयार खडे यांनी मागे टाकलं, तिथून तक्रारी वाढल्या.

फुटपाथवरच्या स्वस्त खड्याच्या आत बहुधा पितळ असतं, त्यावर निकेलचा थर आणि वर सोन्याचा नुसता हात. ताज्या जखमेतल्या खारट लशीत हा हात लवकर झिजतो, निकेल विरघळू लागतं. काही दिवसांनी दांडीभोवती खाज, लाली, ओलसर पुरळ दिसतं. गिऱ्हाईक त्याला ‘पिकलं’ म्हणतं. पू, ठणका आणि ऊब असेल तर जंतुसंसर्गाचा संशय घ्यावा. खाज जास्त आणि ठणका कमी असेल तर निकेलचा. एकदा जडलेली निकेलची ॲलर्जी सहसा आयुष्यभर राहते, म्हणून पहिलाच दागिना महत्त्वाचा.

मग हॉलमार्क पुरे नाही का? समजा, गिऱ्हाईक नव्याने टोचलेल्या नाकासाठी 18 कॅरेटची पांढऱ्या सोन्याची चमकी मागतं. 750 चा शिक्का खरा आहे, पण हजारातले उरलेले 250 भाग पॅलॅडियमचे की निकेलचे, हे शिक्का सांगत नाही. 22 कॅरेटमध्ये उरतात 84 भाग, बहुधा तांबं आणि चांदी. पण ते सोनं मऊ, त्यावर ओरखडे पडतात आणि खरखरीत दांडी जखमेला घासत राहते. टोचण्यासाठी 14 ते 18 कॅरेटचं, निकेल आणि कॅडमियम नसलेलं सोनं चालतं, मात्र मिश्रण कारागिराकडून लेखी घ्यावं.

डायमिथाइलग्लायॉक्झाइमची चाचणी पेढीवरही होते. कापसाचा बोळा भिजवून दांडीवर घासला आणि गुलाबी झाला, तर निकेल सुटतंय. मुलामा शाबूत असेल तर ती फसते. म्हणून एक नमुना कानशीने खरवडून पाहावा. युरोपीय संघाची निकेल सुटण्याची मर्यादा टोचलेल्या जागेतल्या दांडीसाठी दर चौरस सेंटीमीटरला आठवड्याला 0.2 मायक्रोग्रॅम आहे.

इम्प्लांट दर्जाच्या टायटॅनियममध्ये हा प्रश्नच उरत नाही. त्याच्या मिश्रणात ॲल्युमिनियम आणि व्हॅनेडियम असतं, निकेल घातलेलं नसतं, आणि पृष्ठभागावर ऑक्साइडचा घट्ट थर आपोआप बनतो. अडचण पेढीची आहे: नेहमीच्या फुंकणीवर त्याला झाळ लागत नाही, ते तयारच घ्यावं लागतं. ते खरंच टायटॅनियम आहे का हे पाहायला लोहचुंबकाचा उपयोग नाही, कारण 316एल स्टीलही सहसा चिकटत नाही. वजन मात्र बोलतं, टायटॅनियम त्याच आकाराच्या स्टीलच्या जवळपास निम्मं भरतं.

व्यापाऱ्याकडून ‘सर्जिकल’ किंवा नुसतं ‘टायटॅनियम’ एवढ्या शब्दांवर माल घेऊ नका; ASTM F136 लिहिलेला त्या लॉटचा दाखला मागा, आणि तो नसेल तर ती चमकी ताज्या जखमेत घालू नका.