लांबलचक मेल साहेबांच्याच सोयीचा

आपल्या लोकांची एक ठाम समजूत आहे. कचेरीला, कॉलेजला, बँकेला लिहायचं तर सगळं लिहायचं. पहिल्यापासून सुरुवात करायची, कोण काय म्हणालं ते सांगायचं, घरची परिस्थिती मांडायची, संविधानातली दोन-तीन कलमं घालायची आणि शेवटी 'तरी कृपया योग्य ती कारवाई व्हावी' म्हणून हात जोडायचे. आमच्या एका बैठकीत ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला सुनावलंच, "आधीच आपलं कोणी ऐकत नाही, त्यात तू चार ओळी लिहायला सांगतोस!"

माझं म्हणणं असं, की ज्याचं कोणी ऐकत नाही त्याला लांब मेल परवडतच नाही. मेलमध्ये पाच मागण्या असल्या की त्यातली कोणती पूर्ण करायची हे वाचणारा ठरवतो, आणि तो सगळ्यात सोपी निवडतो. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एकाच तिकिटात दोन बिघाड नोंदवले, तर सोपा बिघाड दुरुस्त होतो आणि तिकीट बंद होतं. अवघड बिघाड तसाच राहतो, पण कागदोपत्री काम झालेलं असतं. यात कुणाची लबाडी असतेच असं नाही. कचेरीतही हेच होतं, फक्त तिथे तिकीट बंद करणाऱ्या वाक्याला 'आपल्या अर्जाची नोंद घेण्यात आली आहे' असं म्हणतात.

गेल्या वर्षी पदवीला असलेल्या एका मुलीने कॉलेजला लिहिलेला मेल मला पाठवायच्या आधी दाखवला. प्रकरण शिष्यवृत्तीचं होतं. तिने पोर्टलवर अर्ज भरला होता, पण तो कॉलेजच्या लॉगिनमध्ये अडकला होता. कॉलेजने कागद तपासून पुढे पाठवल्याशिवाय असा अर्ज हलत नाही, आणि मुदत संपली की त्या वर्षापुरता विषय संपतो. मेल साडेसहाशे शब्दांचा होता. प्राचार्यांसकट नऊ जणांना जाणार होता. विषयाच्या जागी लिहिलं होतं, 'शिष्यवृत्तीबाबत'.

मी तिला एकच काम सांगितलं. जिथे जिथे तू काही मागते आहेस, तिथे खाली रेघ मार. पाच रेघा निघाल्या. अर्ज पुढे पाठवा, फी भरायला मुदत द्या, वसतिगृहाचा अर्ज लवकर बघा, अजून कोणते कागद लागतील ते कळवा, आणि खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला समज द्या. अर्ज पुढे पाठवण्याची मागणी चौथ्या परिच्छेदाच्या मध्यावर होती, अब्बांच्या आजारपणाच्या आणि बसभाड्याच्या मधोमध. मुदत म्हणून 'लवकरात लवकर' एवढेच शब्द होते.

पाचातून एक कशी निवडायची? सगळ्यात जास्त राग कशाचा येतो, यावरून नक्कीच नाही. कोणत्या कामाची तारीख आपल्या किंवा कॉलेजच्या हातात नाही, ते बघायचं. फीची मुदत प्राचार्य वाढवू शकतात, पोर्टलची वाढवू शकत नाहीत. शिवाय शिष्यवृत्तीचा अर्ज पुढे सरकला की फीचं बोलणं आपोआप सोपं होतं.

मग तारीख. कॉलेजने अर्ज पाठवण्याचा शेवटचा दिवस होता मंगळवार, १८ नोव्हेंबर. ती १८ तारीखच लिहायला निघाली होती. पण शेवटच्या दिवशी पोर्टल रडतं, हे अर्ज भरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कागदात त्रुटी निघाली तर अर्ज परत येतो आणि तो दुरुस्त करायला दिवस लागतो. मध्ये शनिवार-रविवार. म्हणून आम्ही शुक्रवार धरला, तोही दुपारी ४ पर्यंत, म्हणजे खिडकी बंद व्हायच्या आधी.

नवा मेल असा झाला. पाठवायचा शिष्यवृत्ती विभागाच्या लिपिक बाईंना, कारण लॉगिन त्यांच्याकडे आहे, आणि प्रत फक्त प्राचार्यांना. नऊ जणांना गेलेला मेल प्रत्येक जण दुसऱ्याचा समजतो.

'विषय: शिष्यवृत्ती अर्ज शुक्रवार १४ नोव्हेंबर, दुपारी ४ पर्यंत पुढे पाठवण्याची विनंती

आदरणीय मॅडम,
माझा शिष्यवृत्तीचा अर्ज २० ऑक्टोबरपासून कॉलेजच्या लॉगिनमध्ये प्रलंबित आहे. तो शुक्रवार १४ नोव्हेंबर, दुपारी ४ पर्यंत तपासून पुढे पाठवावा, किंवा त्रुटी असल्यास कारण नोंदवून परत पाठवावा, ही विनंती. कॉलेजसाठी पोर्टलची मुदत मंगळवारी, १८ तारखेला संपते. त्रुटी निघाल्यास दुरुस्तीला मला सोमवारचा दिवस हवा आहे.
अर्जाची पोचपावती सोबत जोडली आहे.'

खाली नाव, वर्ग, अर्ज क्रमांक आणि मोबाइल नंबर. बस.

यातला 'किंवा' बघा. एकच मागणी म्हणताना मी दोन कशा चालवून घेतल्या, असं कुणी विचारेल. मागणी एकच आहे, अर्जावर निर्णय घ्या. पण नकारसुद्धा आपल्या कामाचा ठरेल अशी ती लिहिली आहे. झालंही तसंच. शुक्रवारी अर्ज परत आला, कारण उत्पन्नाचा दाखला जुन्या आर्थिक वर्षाचा जोडला गेला होता. नवा घरात होता. तिने रात्रीच तो चढवला आणि सोमवारी अर्ज पुढे गेला. १८ तारीख मागितली असती तर या दाखल्याने वर्ष घालवलं असतं.

आता 'चार ओळी म्हणजे उद्धटपणा' या आक्षेपाबद्दल. 'आदरणीय' आहे, 'विनंती' आहे. त्या बाईंसमोर अर्जांचा ढीग असतो. त्यांना क्रमांक शोधायला न लावणं हाही अदबीचाच भाग आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. महाराष्ट्राने २०१२ मध्ये माहिती अधिकाराच्या नियमांत बदल करून अर्ज एकाच विषयापुरता आणि साधारण १५० शब्दांचा असावा असं ठरवलं. तेव्हा कार्यकर्त्यांनी विरोध केला, आणि तो बरोबर होता. मग मीही तेच सांगतोय का? नाही. राज्याने नागरिकाच्या शब्दांवर कुंपण घालणं वेगळं, आणि आपला मुद्दा हरवू नये म्हणून नागरिकाने स्वतः निवड करणं वेगळं. आणि त्याच माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(२) नुसार अर्जदाराला माहिती का हवी याचं कारण विचारता येत नाही. कायदा कारण मागत नाही, तिथेही आपण दोन पानं कारणं लिहितो. ही सवय आपल्याला कायद्याने लावलेली नाही. वर्षानुवर्षं स्वतःला पात्र सिद्ध करत राहण्यातून ती लागली आहे.

राहिली पाचवी रेघ. खिडकीवरचा माणूस तिला म्हणाला होता, "तुमच्या लोकांचं दरवर्षीचंच आहे." हे वाक्य मेलमधून काढायला ती तयार नव्हती. तिचं बरोबर होतं, ते वाक्य गिळायचं नव्हतंच. पण शिष्यवृत्तीच्या मेलमध्ये ते ठेवलं असतं तर लिपिक बाई सहकाऱ्याच्या बचावात गुंतल्या असत्या आणि प्राचार्यांनी 'अर्ज पुढे पाठवला आहे' एवढं उत्तर देऊन दोन्ही विषय मिटवले असते. अपमानाची तक्रार अशी कुठल्या तरी परिच्छेदात कोंबली की ती रडगाणं वाटते.

म्हणून तिचं वेगळं पत्र झालं, फक्त प्राचार्यांना. ते चार ओळींत बसणारं नव्हतं आणि बसवायचंही नव्हतं. तारीख, वेळ, खिडकी, तो उच्चारला तसाच शब्द, शेजारी उभ्या असलेल्या दोन मैत्रिणींची नावं त्यांच्या परवानगीने. मागणी मात्र तिथेही एकच: चौकशी करून काय निष्पन्न झालं ते १ डिसेंबरपर्यंत लेखी कळवावं. आणि विषयाच्या ओळीत शिष्यवृत्ती हा शब्द कुठेही नव्हता.