थकबाकी लपवली, ठेवीदार बुडवला

23 सप्टेंबर 2019. पीएमसी बँकेच्या ठेवीदाराला सहा महिन्यांत फक्त 1,000 रुपये काढण्याची मुभा! धुणीभांडी करून साठवलेल्या पैशावर ही वेळ का आली?

हप्ता 90 दिवसांहून अधिक थकला की कर्ज अनुत्पादक ठरते. त्याचे न आलेले व्याज उत्पन्नात धरता येत नाही. शिवाय नागरी सहकारी बँकेला तेव्हा अशा 1 कोटीच्या कर्जामागे पहिल्या वर्षी नफ्यातून 10 लाखांची तरतूद करावी लागे. पीएमसीने एचडीआयएल या बिल्डर गटाचे थकलेले कर्ज अनुत्पादक दाखवलेच नाही. रिझर्व्ह बँकेपुढे त्या जागी 21,049 बनावट छोटी खाती मांडली, कारण तपासणी मोठ्या खात्यांची होते. मार्च 2019 ला थकीत कर्ज 3.76 टक्केच दिसले. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक कर्ज याच गटाकडे होते. तरतूद टळली म्हणून ताळेबंदात नफा झळकला. आम्ही विचारतो, नवी मुंबईतला बिगारी हा ताळेबंद वाचून ठेव ठेवणार होता काय?