नऊ घरांचा तक्ता: मोजमाप की मतांची नोंद?

१/ १९६०च्या दशकाचा उत्तरार्ध. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक या अवाढव्य उद्योगसमूहाची विक्री वाढत होती, नफा मात्र जागचा हलत नव्हता. संगणक, अणुऊर्जा आणि जेट इंजिने हे तीन खर्चिक उद्योग एकाच तिजोरीवर पोसले जात होते.

२/ अध्यक्ष फ्रेड बोर्च यांनी मॅकिन्झी या सल्लागार संस्थेला पाचारण केले. समूहाची ४३ व्यवसाय-घटकांत फेरमांडणी झाली आणि त्यांच्या तुलनेसाठी नऊ घरांचा तक्ता आला. उभ्या बाजूस बाजाराची आकर्षकता, आडव्या बाजूस व्यवसायाचे बळ. दोहोंच्या तीन-तीन पायऱ्या. हिरव्या घरांत भांडवल ओतायचे, तांबड्या घरांतून काढून घ्यायचे आणि कर्णावरच्या पिवळ्या घरांत निवडक गुंतवणूक करायची.

३/ घर ठरते गुणांवरून. समजा, एका बाजाराला १ ते ५ या पट्टीवर वाढीसाठी ५, नफ्यासाठी २ आणि स्पर्धेच्या सौम्यतेसाठी ३ गुण मिळाले. या निकषांचे भार अनुक्रमे ०.४, ०.३, ०.३ धरले, तर बेरीज ३.५ येते. पट्टीचे तीन समान भाग केल्यास ३.६७ च्या खाली ‘मध्यम’. म्हणजे हा बाजार मध्यम.

४/ आता स्पर्धेच्या भारातील केवळ ०.१ वाढीकडे वळवा. बेरीज ३.७ होते आणि तोच बाजार ‘उच्च’ ठरतो. बाजारात तसूभरही बदल झालेला नाही. बदलला तो भार ठरवणाऱ्यांचा कल.

५/ तक्ता येण्यापूर्वीच, १९७० मध्ये, संगणक व्यवसाय हनीवेल कंपनीला विकला गेला होता. मागे वळून तो तक्त्यावर मांडला, तर बाजार आकर्षक, पण आयबीएमपुढे बळ तोकडे: घर पिवळे. त्या काळच्या प्रवासी विमानांच्या इंजिनांचेही तेच. तेथे प्रॅट अँड व्हिटनीचे वर्चस्व होते. घर एकच, परंतु एक व्यवसाय विकला गेला आणि दुसरा राखला गेला.

६/ समूहाचे विभाजन २०२४ मध्ये पूर्ण झाले, तेव्हा जुने नाव पुढे नेणारी एक प्रमुख कंपनी विमान-इंजिनांचीच होती. राखण्याचा तो निर्णय पिवळ्या घराने दिला नसता. घर फक्त ‘निवड करा’ एवढेच सांगते.

७/ म्हणून असा तक्ता हाती आल्यास इतिहासाच्या अभ्यासकाने तो मोजमाप म्हणून वाचू नये. ती सत्तेच्या दालनातील वादाची नोंद आहे. व्यवसाय कोणत्या घरात पडला, हा दुसरा प्रश्न. भार कोणी ठरवले आणि ते निर्णयाआधी ठरले की नंतर, हा पहिला.